एका निरोगी वर्षाची किंमत

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 2013 ते 2015 या काळात नैराश्यावरच्या एका समुपदेशन कार्यक्रमाची चाचणी झाली. ‘संगाथ’ या संस्थेने ती घेतली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात उपचाराच्या गुणाबरोबर पैशाचाही हिशेब होता. तीन महिन्यांनी मांडलेला हिशेब सांगत होता की, या कार्यक्रमातून माणसाच्या आयुष्यात एका निरोगी वर्षाची भर घालायला 9,333 आंतरराष्ट्रीय डॉलर खर्च येतो. त्याच रुग्णांचा बारा महिन्यांनी पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा उत्तर निघालं की खर्च येतच नाही, उलट थोडी बचत होते. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. मानसिक आरोग्याच्या कामाला पैसे देणारी संस्था, कंपनीचा सामाजिक निधी किंवा सरकारी खातं यांच्या टेबलावर यातलं कोणतं उत्तर जातं, यावर कार्यक्रमाचं पुढचं भवितव्य ठरतं. म्हणून ही उत्तरं कशी निघतात, हे समजून घेणं गरजेचं आहे.

आधी उपचार काय होता ते पाहू. नैराश्य आलेला माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. शेजारणीकडे जाणं बंद होतं, देवळात किंवा चर्चला जाणं थांबतं, परसातल्या झाडांना पाणी घालायचं राहतं, मग स्वयंपाकही कसाबसा उरकला जातो. जे सोडलं त्यातच मनाला उभारी देणारं काही ना काही होतं, त्यामुळे माणूस आणखी खचतो. उपचार इथेच हात घालतो. समुपदेशक विचारतो की तुम्ही काय काय करायचं सोडलंत आणि त्यातलं कोणतं या आठवड्यात थोडंसं तरी जमेल. ते ठरवून लिहायचं, करायचं आणि पुढच्या भेटीत त्याबद्दल बोलायचं. अर्ध्या-पाऊण तासाच्या अशा सहा ते आठ भेटी, केंद्रावर किंवा रुग्णाच्या घरी. समुपदेशक स्थानिक आणि कोकणी बोलणारे. त्यांच्याकडे मानसोपचाराची कोणतीही पदवी नव्हती, या कामासाठीच त्यांना तयार केलेलं होतं. भेटींचं ध्वनिमुद्रण होई, मग समुपदेशक एकत्र बसून एकमेकांची मुद्रणं ऐकत आणि गुण देत.

चाचणीत 495 रुग्ण होते, सगळे बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याचे. ते कसं ठरवलं? नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, स्वतःला कमी लेखणं, जीव नकोसा वाटणं यांचा त्रास किती वेळा झाला, असं विचारतात आणि प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण देतात. एकूण 27 पैकी 14 च्या वर गुण असलेल्यांना चाचणीत घेतलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांच्या डॉक्टरांना रुग्णाचं निदान आणि उपचाराची मार्गदर्शिका दिली होती, समुपदेशन मात्र एकाच गटाला मिळालं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोकांचे गुण 10 च्या खाली आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण 39 टक्के होतं.

या 39 टक्क्यांकडे अनेक देणगीदारांचं लक्ष जात नाही. संस्था अहवालात लिहिते की आमच्याकडे आलेल्या शंभरांपैकी 64 जण बरे झाले. हे खरंच असतं, पण त्यातले 39 जण समुपदेशनाशिवायही बरे झाले असते. काहींना डॉक्टरांच्या उपचाराने गुण आला असता, काहींचं दुखणं काळाने ओसरलं असतं. कार्यक्रमाच्या खात्यावर जमा होतात ते वरचे 25. आर्थिक मूल्यमापनाचा पायाच हा आहे: कार्यक्रमामुळे जास्तीचा खर्च किती झाला आणि जास्तीचा फायदा किती झाला. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, की एका जास्तीच्या फायद्याची किंमत निघते. तुलनेला दुसरा गट नसेल तर हा भागाकार करताच येत नाही, अहवालात आकडे कितीही असोत.

आता फायदा कशात मोजायचा? ‘बरा झालेला माणूस’ हे माप सोपं आहे, पण पैसे देणाऱ्यापुढे एकच रोग नसतो. एकीकडे नैराश्य, दुसरीकडे क्षयरोग, तिसरीकडे डायलिसिस. या सगळ्यांची तुलना व्हावी म्हणून अर्थशास्त्रज्ञ एक सामाईक माप वापरतात. पूर्ण निरोगी अवस्थेला एक गुण, मृत्यूला शून्य आणि आजारपणाला त्याच्या तीव्रतेनुसार मधला कुठला तरी. हा गुण जितका काळ टिकला, त्या काळाने त्याला गुणायचं. एक गुण एक वर्ष टिकला की एक निरोगी वर्ष होतं. अर्धा गुण दोन वर्षं टिकला तरी एकच वर्ष होतं. या मापावर माझा एक आक्षेप आहे. माणूस आत्महत्येच्या विचारातून बाहेर येतो, तेव्हा त्याच्या घरच्यांच्या जिवाला जी शांतता मिळते, ती यात कुठेच बसत नाही. पण सामाईक माप नसेल तर नैराश्य त्या रांगेत उभंच राहू शकत नाही, म्हणून ते वापरावं लागतं.

आणि या मापात काळाने गुणायचं असतं, त्यामुळेच गोव्याच्या हिशेबाची दोन उत्तरं निघाली. सोप्या, काल्पनिक आकड्यांनी ते करून पाहू. समजा, शंभर रुग्णांना समुपदेशन दिलं आणि प्रत्येकामागे 3,000 रुपये, म्हणजे एकूण तीन लाख रुपये खर्च झाले. तीन महिन्यांच्या शेवटी त्यांचा आरोग्याचा गुण दुसऱ्या गटापेक्षा सरासरी 0.08 ने जास्त भरला. सुरुवातीला हा फरक शून्य होता आणि हळूहळू वाढला, म्हणून त्या काळातली सरासरी 0.04. ती पाव वर्ष टिकली, म्हणजे माणशी 0.01 आणि शंभर माणसांचं मिळून एक निरोगी वर्ष. किंमत तीन लाख रुपये.

आता तेच लोक वर्षअखेरीस पाहू. दरम्यान दुसऱ्या गटातलेही काही सुधारले, त्यामुळे फरक कमी होऊन 0.05 वर आला. वरवर पाहणारा म्हणेल की कार्यक्रमाचा असर ओसरतोय. पण मधल्या पाऊण वर्षात सरासरी 0.065 चा फरक रोज टिकून होता आणि त्याची बेरीज माणशी 0.049 होते. आधीचे 0.01 त्यात मिळवले की शंभर जणांची मिळून जवळजवळ सहा निरोगी वर्षं होतात. समुपदेशनाचे तीन लाख पहिल्या तीन महिन्यांतच खर्च झाले होते, नंतर त्यात भर पडलेली नाही. म्हणजे एका निरोगी वर्षाची किंमत तीन लाखांवरून पन्नास हजारांच्या आसपास आली. फरक कमी झाला आणि किंमतही उतरली. दोन्ही एकाच वेळी घडू शकतं.

गोव्यात प्रत्यक्षात असंच झालं. बारा महिन्यांनी बरे असलेल्यांचं प्रमाण 63 आणि 48 टक्के होतं, म्हणजे जास्तीचे 25 आता 15 वर आले होते. ‘एका जास्तीच्या बऱ्या झालेल्या रुग्णामागे खर्च किती’ एवढंच विचारलं तर कार्यक्रम महागल्यासारखा दिसतो, कारण आधी चार जणांना समुपदेशन दिलं की एक जण जास्तीचा बरा होत होता, आता त्यासाठी जवळजवळ सात जण लागतात. निरोगी वर्षांत मोजलं तर चित्र उलटं होतं. संस्थेने दोन्ही आकडे दिले पाहिजेत आणि देणगीदाराने दोन्ही मागितले पाहिजेत.

उत्तर ‘स्वस्त’वरून ‘बचत’ इथपर्यंत गेलं याचं कारण मात्र हिशेबाच्या खर्चाच्या बाजूला आहे. नैराश्याचा रुग्ण क्वचितच ‘मन उदास आहे’ असं सांगत दवाखान्यात येतो. डोकं दुखतं, अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन येतो. रक्त तपासलं जातं, ईसीजी काढला जातो, टॉनिक आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात, काही सापडत नाही. पंधरा दिवसांनी तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. हा सगळा खर्च कुठल्याही मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, पण तो होतच असतो. म्हणून अशा अभ्यासात रुग्णाला बसवून बारीकसारीक विचारावं लागतं. गेल्या काही महिन्यांत कुठल्या डॉक्टरकडे किती वेळा गेलात, औषधांना किती लागले, बसने गेलात की रिक्षाने, सोबत कोण आलं आणि त्याचा रोज बुडाला का, किती दिवस कामावर खाडा झाला. उपचार मिळालेल्या गटात हा खर्च पुरेसा घटला, तर समुपदेशनाचे पैसे तिथेच भरून निघतात. गोव्यात आरोग्य व्यवस्थेच्या बाजूने केलेल्या बारा महिन्यांच्या हिशेबात खर्च कमी आणि आरोग्य जास्त, असं दोन्ही बाजूंनी अनुकूल उत्तर निघालं. अशा वेळी भागाकार करायचीही गरज उरत नाही.

कुणाच्या बाजूने हिशेब मांडला, यानेही उत्तर बदलतं. फक्त आरोग्य खात्याच्या बाजूने मांडला तर रुग्णाचं बसभाडं आणि बुडालेली मजुरी बाहेर राहते. सगळ्या समाजाच्या बाजूने मांडला तर ती आत येते आणि एक अवघड प्रश्नही येतो. या चाचणीत बहुसंख्य रुग्ण स्त्रिया होत्या. जी बाई घर सांभाळते, तिच्या दिवसाची किंमत काय धरायची? हिशेबनिसाने ‘कमावत नाही’ म्हणून शून्य धरली, तर ती पुन्हा उठून घर चालवू लागली याचा फायदाही शून्य ठरतो आणि पुरुष मजुरांसाठी चालवलेला कार्यक्रम आपोआप जास्त ‘फायदेशीर’ दिसू लागतो. काही जण तिचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला किती मोजावे लागतील ते धरतात, काही शेतमजुरीचा स्थानिक दर धरतात. माझ्या मते शून्य सोडून काहीही चालेल, पण जे धरलं ते अहवालात स्पष्ट लिहिलेलं हवं.

कार्यक्रमाच्या खर्चात सर्वांत जास्त गाळणी होते ती देखरेखीची. पगार, प्रशिक्षण, छापील पुस्तिका आणि प्रवास हे कुणी विसरत नाही. पण ध्वनिमुद्रणं ऐकायला बसलेल्या समुपदेशकांचे तास, त्यांना अडलं तर मदतीला असणाऱ्या तज्ज्ञाचे तास आणि एक रुग्ण सापडावा म्हणून केंद्राच्या रांगेतल्या कितीतरी जणांना ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली विचारण्याचे तास बरेचदा ‘आमची माणसं करतात’ म्हणून सोडून दिले जातात. मग कार्यक्रम दुसऱ्या जिल्ह्यात नेताना देखरेखीला पैसेच नसतात, समुपदेशन हळूहळू नुसत्या चौकशीवर येतं आणि गुण यायचा थांबतो. प्रस्तावात माणशी खर्च फारच कमी दिसला, तर पहिला प्रश्न देखरेख कुठे धरली आहे, हा असावा.

तुलना कशाशी केली याचा धडाही गोव्यातच मिळतो, त्याआधीच्या ‘मानस’ या चाचणीत. बारा सरकारी केंद्रं आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने यांतले मिळून 2,796 रुग्ण तिच्यात होते. समुपदेशक, केंद्राचे डॉक्टर आणि अधूनमधून भेट देणारे मानसोपचारतज्ज्ञ अशी त्रिस्तरीय व्यवस्था होती. 2010 साली आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी उपचार गटातले 65.9 टक्के आणि दुसऱ्या गटातले 42.5 टक्के रुग्ण बरे झाले. खासगी दवाखान्यांत उपचार गटात 64.1 टक्के आणि दुसऱ्या गटात 65.9 टक्के. म्हणजे खासगीकडे नव्या व्यवस्थेने काहीच फरक पडला नाही. समुपदेशन तिथे वाईट झालं असं नाही, बरे होण्याचं प्रमाण तर दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे. फरक तुलनेच्या गटात आहे. खासगीत जाणाऱ्यांना नेहमीच्या उपचारानेच तेवढा गुण येत होता. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्थिक विश्लेषणात सरकारी केंद्रांमध्ये हा कार्यक्रम परिणामकारक आणि पैसे वाचवणाराही ठरला. दोन्हीकडच्या रुग्णांची एकच सरासरी काढून ‘गोव्यात अमुक फायदा झाला’ असं लिहिलं असतं, तर पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत, ही सर्वांत उपयोगाची माहितीच झाकली गेली असती.

आता पुन्हा त्या 9,333 कडे येऊ. आंतरराष्ट्रीय डॉलर म्हणजे बँकेत बदलून मिळतो तो डॉलर नव्हे. अमेरिकेत एका डॉलरला जेवढी वस्तू येते, तेवढी भारतात घ्यायला जितके रुपये लागतात, तितक्यांचा तो धरतात. त्या काळात तो सतरा-अठरा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे रक्कम दीड लाखाच्या थोडी वर जाते. ही महाग की स्वस्त? संशोधकांनी त्यासाठी गोव्याच्या दरडोई उत्पन्नाची, 16,060 आंतरराष्ट्रीय डॉलरची, रेघ ओढली. एका निरोगी वर्षाची किंमत दरडोई वार्षिक उत्पन्नाच्या आत असेल तर खर्च परवडण्याजोगा, हा जगभर रूढ झालेला ठोकताळा आहे. पण गोवा हे देशातल्या सर्वांत जास्त दरडोई उत्पन्नाच्या राज्यांपैकी एक आहे. देशाचं सरासरी उत्पन्न त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. तीच रेघ देशाच्या सरासरीवर ओढली तर 9,333 हा आकडा तिच्या वर जातो. उपचार तोच, रुग्ण तेच, निकाल फक्त रेघेवरून बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्याच तज्ज्ञांनी 2016 मध्ये बजावलं होतं की, या ठोकताळ्यावर एकट्याने निर्णय घेऊ नका. तरी तो आजही प्रस्तावांत सर्रास दिसतो.

त्या आकड्यासोबत एक पल्लाही दिलेला होता: 3,862 पासून 28,169 पर्यंत. काहीशे माणसांवरून काढलेल्या सरासरीत एवढं इकडे-तिकडे होणारच. काही रुग्णांच्या वाट्याला एखादं मोठं ऑपरेशन आलं, तरी सगळा हिशेब हलतो. म्हणून संशोधक त्याच माहितीतून हजारो वेळा वेगवेगळे नमुने उचलून संगणकावर तोच हिशेब पुन्हा पुन्हा करतात आणि त्यातले किती वेळा उत्तर रेघेच्या आत येतं ते मोजतात. तीन महिन्यांच्या हिशेबात 87 टक्के वेळा आलं, बारा महिन्यांच्या हिशेबात 95 टक्के. देणगीदाराला खरं तर हाच आकडा सर्वांत जवळचा वाटायला हवा, कारण पैसे वाया जाण्याची शक्यता किती, हे तो थेट सांगतो. पल्ला न देता एकच ठाम आकडा देणारा अहवाल आला, तर तो परत पाठवून पल्ला मागावा.

‘बचत’ हा शब्द वाचूनही देणगीदाराने एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ज्याने पैसे घातले त्याच्याकडे हे वाचलेले पैसे परत येत नाहीत. रुग्णाच्या घरचा औषधांचा आणि गाडीभाड्याचा खर्च वाचतो, ते पैसे त्या घरात राहतात. आरोग्य केंद्रातल्या वाचलेल्या भेटी हिशेबात रुपयांत मांडलेल्या असल्या, तरी डॉक्टर आणि नर्सचा पगार तितकाच निघतो. त्यांचा मोकळा झालेला वेळ रांगेतल्या पुढच्या रुग्णाला मिळतो. त्यामुळे पहिल्या वर्षी समुपदेशकांचे पगार, प्रशिक्षण आणि देखरेख यांची पूर्ण रक्कम कुणाला तरी रोख द्यावीच लागते. एका जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांसाठी ती एकूण किती होईल आणि तीन वर्षं ती कोण भरेल, हा हिशेब वेगळा करावा लागतो. किमतीच्या त्या भागाकारात तो नसतो, आणि कार्यक्रम बंद पडतात ते बहुतेक वेळा याच हिशेबाशी येऊन.